पान ११८

कोर्टाच्या आवाराजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बेळगावात कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान असणं म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची भांडणं पाठपोट काढत बसणं. वाटणीपत्रं, उतारे, नोटिसा, वारसाचे दाखले. खराब निघालेल्या प्रतींचे पाठकोरे कागद मी टाकत नाही. त्यांच्यावरच गेली सहा वर्षं एक कादंबरी लिहितोय. एका बाजूला कुणाचा तरी दावा, दुसऱ्या बाजूला माझा नागेश.

पहिला खर्डा २४० पानांचा झाला. तो वाचायला आमच्या शाळेतल्या मराठीच्या निवृत्त सरांना दिला. टिळकवाडीत त्यांच्या घरी जाऊन बसलो, चहा झाला. सरांनी गठ्ठा मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "बरं आहे की. पण एक सांग. ही गोष्ट कशाची आहे, असं मी तुझ्या नागेशला पान ३० वर विचारलं तर तो काय सांगेल?"

मी म्हटलं, "कन्नड कागदानं आमची जमीन गेली, ती परत मिळवायची. हीच गोष्ट."

"आणि पान १५० वर विचारलं तर?"

"तेच."

"मग मधली १२० पानं तो काय करत होता रे बाबा?"

कादंबरी थोडक्यात सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. साल २००३. नागेश उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला. खानापूर तालुक्यातल्या एका गावात त्याच्या आजाची ३ एकर ८ गुंठे जमीन होती. आजा त्या जमिनीत मूळचा कूळ. १९७४ च्या कूळकायद्यानंतर त्यानं फॉर्म नंबर सात भरला आणि १९७८ मध्ये भू-न्यायमंडळानं जमीन त्याच्या नावावर केली. आजा वारला. १९९३ मध्ये थोरल्या काकांनी, म्हणजे आप्पांनी, त्यातली १ एकर २४ गुंठे परशराम नावाच्या माणसाला लिहून दिली. खरेदीपत्रावर किंमत पाचशे रुपये. नागेश तेव्हा सतरा वर्षांचा. वडिलांची संमतीची सही कागदावर आहे, पण ते आता नाहीत आणि सही खोटी आहे असं नागेश धरून चालतो. कागद सगळे कन्नडात. त्याला कन्नड बोलता येतं बाजारापुरतं, वाचता येतात ते फक्त आकडे, तेही एसटीच्या पाट्या बघून शिकलेले. तर आप्पांनी जमीन विकून खाल्ली आणि कागद कन्नडात असल्यामुळं आम्हाला कळलंच नाही, ही नागेशची गोष्ट. ती तो चहाच्या गाड्यावर, फाउंड्रीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं सांगतो.

खरी हकिकत वेगळी. ती जमीन आजा एकटा कसत नव्हता. परशरामचा बाप भरमा आणि आजा दोघं मिळून कसत होते, अर्ध्यात. अर्ज करायची वेळ आली तेव्हा आजाला कन्नड येत होतं, भरमाला नाही. आजानं अर्ज एकट्याच्या नावानं लिहून घेतला आणि त्यावर साक्षीदार म्हणून भरमाचाच अंगठा उठवला. भरमाला वाटलं, दोघांच्या नावानं लागतंय. आप्पांनी पुढं जमीन विकली नाही. अर्धी होती ती परत दिली.

पहिल्या खर्ड्यात हे पान १९७ वर कळायचं. आप्पा मरणाच्या दारात, नागेश उशाशी, आप्पा धापा टाकत सगळं सांगून टाकतात. मला तो प्रसंग फार आवडला होता. लिहिताना मीही रडलो होतो, आणि लेखक रडला की काहीतरी बिघडलंय असं समजावं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सर म्हणाले, हा धक्का आहे, कलाटणी नाही. फरक कसा ओळखायचा ते त्यांनी एका प्रश्नात सांगितलं: दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा माणूस काय वेगळं करतो? पान १९८ उघडून बघितलं. काहीच करत नाही. रडतो, पस्तावतो, परशरामच्या पाया पडतो. ४३ पानं नुसता पश्चात्ताप. नुसती अडचण वाढली, वकील उलटला, साक्षीदार फुटला, तर वाट अवघड होते, पण नायक त्याच वाटेवर राहतो. मध्यावर व्हायला हवं ते असं, की आपण कुठल्या वाटेवर आहोत हेच त्याला नव्यानं बघावं लागतं. आणि त्यानंतर चालायला तेवढीच वाट उरलेली पाहिजे. पटकथेच्या पुस्तकांत याला मिडपॉइंट म्हणतात आणि १२० पानांच्या पटकथेत तो साठाव्या पानाच्या आसपास असावा असं सांगतात. सरांना अशी पुस्तकं आवडत नाहीत. ते नाट्यशास्त्रातल्या पाच संधींवर गेले. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. मधला गर्भसंधी. बीज तिथं हाताला लागतं, निसटतं, आणि पुन्हा शोध सुरू होतो. "शोध संपत नाही, सुरू होतो," सर म्हणाले, "तुझा संपलाय."

मी घरी आलो आणि सोपा उपाय केला. आप्पांचं मरण उचलून पान ११८ वर आणून ठेवलं.

कुणी लिहीत असेल तर हे करून बघू नये. निम्म्या कादंबरीत सगळं कळून चुकलेला नागेश पुढची १२० पानं मोकळा हिंडायला लागला. काय करणार? सगळं ठाऊक आहे, दोष कुणाचा ते ठरलंय, सांगणारा मेला. मी त्याला पुण्याला पाठवलं, परत आणलं, त्याचं लग्न मोडलं, पुन्हा जमवलं. पानं भरली. जागा बदलून कलाटणी होत नाही, हे कळायला मला एक पावसाळा लागला.

वाट सापडली ती राजा ईडिपस या ग्रीक नाटकाच्या मराठी भाषांतरात. ते नाटक कॉलेजात वाचलं होतं, शेवट माहीत होता, म्हणून मधलं कधी नीट बघितलंच नव्हतं. या वेळी फक्त मधलंच बघितलं. मूळ नाटक दीड हजारापेक्षा थोड्या जास्त ओळींचं आहे. सुरुवातीला राजापुढचा प्रश्न असा: थीब्जवर रोगराई आली, आधीच्या राजाचा, लायसचा, खुनी शोधून काढला तर ती जाईल. गोष्ट दुसऱ्याच्या अपराधाची. ओळ सातशेच्या पुढं, म्हणजे नाटकाच्या जवळजवळ मध्यावर, त्याची राणी त्याला धीर द्यायला म्हणते, भविष्यवाण्या कुठं खऱ्या होतात? लायस मुलाच्या हातून मरणार होता म्हणे. मुलाला तर जन्मल्यावर तिसरा दिवस उलटायच्या आत पाय जखडून डोंगरावर टाकून दिलं, आणि लायसला तीन रस्ते मिळतात तिथं दरोडेखोरांनी मारलं.

ती धीर देत असते आणि राजाचा धीर तिथंच सुटतो. त्यानं एका तिठ्यावर एका म्हाताऱ्याला मारलेलं असतं. आता प्रश्न खुनी कोण हा राहत नाही, तो मी आहे का हा होतो. गोष्ट दुसऱ्याची होती, ती त्याची स्वतःची झाली.

पण मला थांबवलं ते आणखी एका गोष्टीनं. राणीच्या त्या एका बोलण्यात दोन सुगावे आहेत, तिठा आणि पाय जखडलेलं मूल. राजा फक्त तिठा ऐकतो. ते मूल तो स्वतःच, पण ते त्याच्या कानावरून जातं. अर्धंच कळतं, आणि त्या अर्ध्यावर तो पुढं धावतो. शिवाय लेखकानं त्याला एक आशाही ठेवलीय. खुनातून वाचलेल्या नोकरानं दरोडेखोर असं अनेकवचन वापरलं होतं. राजा म्हणतो, तो अजूनही अनेक म्हणत असेल तर मी सुटलो, कारण एक म्हणजे अनेक नव्हेत. राजाचं सगळं आयुष्य एका वचनावर टांगलेलं. म्हणून तो नोकराला बोलावून घेतो. म्हणजे पुढचा शोध त्यानं स्वतःच सुरू केला.

माझे आप्पा एकदम सगळंच सांगत होते. आणि ते सांगत होते, नागेश काही काढत नव्हता.

तेव्हा आप्पांना जिवंत केलं आणि गप्प बसवलं. कळणार ते कागदातूनच, आणि कागद नागेशकडं पान १० पासून आहे. आता वाचक विचारणार, मग त्यानं तो आधीच वाचून का नाही घेतला? बरोबर आहे, आणि याचं उत्तर माझ्या दुकानात रोज उभं असतं. माणसं कन्नड कागद घेऊन येतात, वाचणारा भेटतो, तो कामापुरतं वाचतो. नागेशनंही वकिलाच्या कारकुनाकडून वाचून घेतलंय, पान २२ वर. कारकुनानं खालवर बघून सांगितलं, "तुमच्या आजोबांच्या नावावर मंजूर. बास की, हेच पाहिजे आपल्याला." खोटं काही सांगितलं नाही. दाव्याला लागतं तेवढं वाचलं.

पान ११८ वर नागेश जिंकायला आलाय. वकिलाला अर्जाचं शब्दन् शब्द भाषांतर हवंय. ते झालं की पुढच्या तारखेला काम फत्ते. पैसे वाचवायला तो बहिणीच्या पोरीला बसवतो. स्नेहा नववीत, मराठी शाळेत, पण कन्नड विषय आहेच. ती बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचते आणि तो मराठीत लिहून घेतो. सर्व्हे नंबर. गाव. सागुवळी म्हणजे लागवड, हे त्याला माहीत आहे. पुढं ती अडखळते.

"अवनोब्बने."

"म्हणजे?"

"तो एकटाच. ही जमीन तो एकटाच कसतो, असं आहे." तिचं बोट खाली सरकतं. झेरॉक्सवर अंगठा काळाच येतो, नुसता डाग, पण कडेच्या दोन-चार रेघा दिसतात. "हेब्बेट्टिन गुरुतु. अंगठ्याची खूण. साक्षीदार, भरमा..." ती वर बघते. "मामा, भरमा म्हणजे ज्यांच्या घरी आपण दिवाळीला तांदळाचं पोतं पाठवायचो, तेच काय?"

इथं मी प्रकरण तोडलं. भरमा फसवला गेला हे तिथं कुणी म्हणत नाही. नागेशला एवढंच कळतं, की ज्याच्या पोराला आप्पांनी जमीन दिली त्याच्याच बापाचा अंगठा आजाच्या अर्जावर आहे. त्याला आकडे वाचता येतात. ३ एकर ८ गुंठ्यांचे १ एकर २४ गुंठे हे बरोबर अर्धे होतात, हे तो दहा वर्षं बघतोय आणि त्यानं एकदाही विचारलेलं नाही, की लबाडी करणारा माणूस बरोबर अर्ध्यावर कशाला थांबेल?

हे जमायचं तर मागची ११७ पानं पुन्हा लिहावी लागली. कलाटणीचं बहुतेक काम तिच्या आधीच्या पानांत असतं. तिथली प्रत्येक खूण दोन्ही गोष्टींत बसली पाहिजे, नागेशच्याही आणि खऱ्याही. तांदळाचं पोतं आधी आजाचं दानशूरपण म्हणून येतं. पाचशे रुपये किंमत म्हणजे खरे पैसे टेबलाखालून गेले असणार, असं सगळेच म्हणतात. सगळ्यांत चांगली खूण मला कायद्यानंच दिली. कुळाला अशी मिळालेली जमीन १५ वर्षं दुसऱ्याला देता येत नाही. १९७८ ला मंजुरी, १९९३ ला खरेदीपत्र. नागेशचं म्हणणं, आप्पा मुदत संपायची वाट बघत टपून बसले होते. बसले होतेच. कायद्यानं ज्या महिन्यात परवानगी दिली त्या महिन्यात त्यांनी परत केली.

मागं जाताना एक चोरी सापडली, माझीच. दुसऱ्या प्रकरणात मी निवेदनात लिहिलं होतं, 'आप्पांनी भावाच्या पोराची जमीन विकून खाल्ली.' हे नागेश म्हणू शकतो, चहावाला म्हणू शकतो. निवेदकानं म्हटलं की ती वाचकाची फसवणूक. वाचक पात्राच्या चुकीला माफ करतो, कारण ती चूक तोही त्याच्याबरोबर करतो. निवेदक खोटं बोलला तर पान ११८ वर तो नागेशवर नाही, माझ्यावर चिडणार. अशी सात वाक्यं निघाली. सगळी कुणा ना कुणाच्या तोंडी घातली.

उलट बाजूचा धोकाही होता. भरमा इतका गरीब, सोशिक, हात जोडणारा रंगवला होता, की बायकोनं पान ६० वर गठ्ठा खाली ठेवला आणि म्हणाली, "याला फसवलंय होय?" वाचकाला ५८ पानं आधी कळलं तर नायक आंधळा वाटत नाही, बावळट वाटतो. मग भरमाला थोडा खाष्ट केला. तो नागेशच्या वडिलांशी बांधावरून कडाकडा भांडतो, पोतं घेताना आभारही मानत नाही. दानाला आभार मानतात, येणं असलेल्याला कशाला मानतील? पण हे वाचकाला नंतर सुचावं. शंभर पानं पुन्हा बायकोला दिली आणि तिथंच थांबायला सांगितलं. या वेळी म्हणाली, "तो आप्पा काहीतरी लपवतोय. पण चोर वाटत नाही बघा मला." एवढी शंका पुरे. याहून कमी असती तर मी काहीतरी दडवून ठेवलं असं झालं असतं.

एक गोष्ट लिहायला मला जड गेली आणि ती कलाकुसरीची नाही. कागद कन्नडात आले आणि आम्ही बुडालो, हे आमच्या भागातलं घराघरातलं वाक्य आहे, आणि ते खोटं नाही. हातात नोटीस घेऊन, ती कशाची आहे हे न कळता दुकानाच्या पायरीवर बसलेली माणसं मी रोज बघतो. त्या वाक्याखाली एका मराठी माणसानं दुसऱ्या मराठी माणसाला कन्नड कागदानंच बुडवलं, असं मी लिहितोय. एका ओळखीच्यानं सरळ विचारलं, "काय गा, कुणाकडून लिहितोस?" रात्रभर झोप नाही. मग ठरवलं, की पहिल्या अर्ध्यात नागेशचं दुःख एक तसूभरही पातळ करायचं नाही. तिथं त्याचं म्हणणं कमकुवत ठेवलं असतं तर मध्यावर ते पडणं म्हणजे आधीच वाकलेली भिंत पडणं झालं असतं. म्हणून खर्ड्यात नव्हता असा एक प्रसंग घातला. नागेशची आई एका खिडकीपुढं तीन तास उभी राहते, आत तिला कुणी कागद समजावून सांगत नाही. तो प्रसंग पान ११८ नंतरही तितकाच खरा राहतो. जुनं मत निकालात निघत नाही, फक्त ते पुरेनासं होतं.

आता उरलेली १२० पानं. स्नेहाचा प्रश्न संपल्यावर नागेश काय करतो? सत्य कळलं म्हणून सज्जन झाला असं दाखवायचा मोह मला दुसऱ्या खर्ड्यातही झाला होता. या वेळी तो आधी घाबरतो. स्नेहाच्या हातातून कागद घेतो, घडी घालतो, म्हणतो, "हे कुणाला बोलू नकोस." दुसऱ्या दिवशी तिला नवी कंपासपेटी आणून देतो. भाषांतराच्या वहीत 'एकटाच' हा शब्द तो लिहितच नाही. म्हणजे आजानं भरमाबरोबर जे केलं तेच नातवानं एका शब्दापुरतं केलं, आणि कुणी न सांगता केलं. तो दावा मागं घेत नाही, तारखेला जातो. पण आता त्याला दुसरंच काहीतरी जाणून घ्यायचंय. संमतीवरची वडिलांची सही खोटी आहे असं तो इतकी वर्षं म्हणत आला, कारण ती खोटी असणंच त्याला हवं होतं. ती खरी असेल तर बाबांना सगळं माहीत होतं, आणि घरात ते त्याच्या एकट्यापासून लपवलं होतं. ईडिपसला जसं ते अनेकवचन, तशी नागेशला ती सही. सुटकेची तेवढीच एक फट. ती तपासायला तो खानापूरच्या एसटीत बसतो, पोतंभर तांदूळ बघायला म्हणून परशरामच्या घरी जातो, आणि तिथून कादंबरी माझ्या हातात राहिली नाही. ही १२० पानं मी चार महिन्यांत लिहिली. आधीच्यांना पाच वर्षं लागली होती.

सरांना गेल्या आठवड्यात नवा खर्डा दिला. त्यांनी वाचायच्या आधी थेट पान ११९ उघडलं. सकाळ. चहाचा गाडा. फाउंड्रीतला नवा पोरगा नागेशला विचारतो, "तुमची कसली ती केस चाललीय म्हणे?" नागेश कप खाली ठेवतो. "कन्नड कागदानं आमची..." म्हणतो आणि थांबतो.

चहावाला फडक्यानं गाडा पुसतच वाक्य पुरं करतो, "जमीन गेली. माहीत आहे की सगळ्यांना."